चौघींतली चौथी

मास्तरांनी चेंडू छातीशी धरला आणि सोडला. उजवा तळहात कमरेपाशी पसरून ते वाट पाहत राहिले. चेंडू लाकडी जमिनीवर पडला, गुडघ्याच्याही खाली जेमतेम उठला, दोनदा कुरकुरला आणि त्यांच्या बुटापाशी येऊन बसला. तळहात रिकामाच राहिला.

"हवा कमी आहे याच्यात," मास्तर म्हणाले.

दाराशी मोजे चढवत बसलेली एक मुलगी खुदकन हसली. मांडीवर हातमोज्यांचे मोठाले पंजे, म्हणजे गोलकीपर. "हवा बरोबर आहे, काका. फुटसलचा, म्हणजे हॉलमधल्या फुटबॉलचा, चेंडू असाच असतो. उसळायचं नाही, असं त्याला शिकवूनच पाठवतात."

मास्तरांनी चेंडू पुन्हा उचलला. दिसायला त्यांच्या नेहमीच्या फुटबॉलचा धाकटा भाऊ, पण वजनाला थोरल्याला हार न जाणारा. मूठभर दिसणारं तान्हं बाळ कडेवर घेतलं की अचानक जड लागतं, तसा तो हाताला लागला. मास्तरांनी तो पटकन खाली ठेवला.

आजची ही निवड त्यांच्या लेकीची शेवटची होती. मुलींच्या अकादमीत याच वयापर्यंत घेत. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. फोनवर बाई म्हणाल्या होत्या, "निवड चाचणी आहे, बूट घेऊन या." मास्तर धरून चालले होते की मागे कुठेतरी मैदान असेल. आणि निघालं काय, तर छापखाना आणि लोखंडी सामानाचं दुकान यांच्यामध्ये चेपून बसलेला हा पत्र्याच्या छताचा हॉल! चार भिंती, वर दिवे, आणि खाली ज्याच्यावर खिळ्यांचे बूट चालत नाहीत अशी गुळगुळीत लाकडी जमीन. गोलकीपरनेच कुणाचे तरी सपाट तळव्यांचे बूट लेकीला आणून दिले.

"बाबा, इथे पळायचं कुठे?" लेकीने विचारलं.

तिला सगळे भिंगरी म्हणत. मोठ्या मैदानावर उजव्या कडेने सुटली की वारा मागे राही आणि ती पुढे जाई. अकरा जणींच्या खेळात तिच्यासमोर हिरवंगार रान असे. मागून कुणीतरी चेंडू लांब भिरकावायचा, तिने त्याच्या मागे धावायचं, पोचायचं आणि ठोकायचं. मास्तरांनी तिला लहानपणी धावायला शिकवताना एक टाळीचं गाणं रचलं होतं. बापलेक दोघं पहाटे ते म्हणत पळत:

पाय माझा वाऱ्याचा,
चेंडू माझा ताऱ्याचा,
आडवा येईल कोण गं,
रस्ता माझा साऱ्याचा.

"पळायचं बाहेर," मास्तर म्हणाले. "चल, अंग गरम करून घेऊ."

आत कुणीतरी टाळ्या वाजवून मुलींना गोल बसवत होतं. पण मास्तरांची रीत ठरलेली. सामन्याआधी लांब धाव, मग पायांचे व्यायाम, मग पुन्हा धाव. त्याशिवाय त्यांची मुलगी कधी खेळायला उतरली नव्हती. छापखान्यासमोरच्या रस्त्यावर त्यांनी तिला पळवली. शाईचा वास येत होता, दुकानदार लोखंडी नळ्या खाली ठेवून बघत होता, आणि भिंगरीचा चेहरा हळूहळू टोमॅटोसारखा लाल होत होता.

ती दोघं आत आली तेव्हा बोलणं संपलं होतं. प्रशिक्षक बाईंनी, त्यांना मुली ताई म्हणत, मास्तरांकडे एकदा पाहिलं, मुलीकडे एकदा पाहिलं. "उशीर झाला. असो. तू या तिघींबरोबर. चौघींचा एक गट, कळलं? गट सोडायचा नाही."

"हो," भिंगरी म्हणाली. गट म्हणजे काय, ते तिला कळलं नव्हतं, पण विचारायची लाज वाटली.

तिघींतली एक चष्मेवाली होती, डोक्यामागे पट्टा बांधलेला जाड चष्मा. दुसरी बुटकी. तिसरी डावखुरी, ती सारखी काहीतरी चघळत होती. "मागे राहिलीस तर पुढे ये, पुढे राहिलीस तर मागे ये," बुटकी घाईघाईने म्हणाली. "इथे कुणाची जागा ठरलेली नसते. आणि डोकं वर ठेव."

"ऑफसाइड?"

"तसलं काही नाही इथे. खेळ."

मास्तर भिंतीलगतच्या बाकावर टेकले. शिट्टी झाली आणि त्यांना धाप लागली. स्वतः धावत नव्हते तरी! गोलकीपर धरून पाच इकडे, पाच तिकडे, आणि चेंडू असा फिरत होता की एखाद्या चौकोनी घरात भोवरा सोडलाय. कुणाच्या पायात तो दोन क्षण थांबत नव्हता. चेंडू बाहेर गेला की घड्याळही थांबे, आणि तो रेषेवर ठेवून पायाने आत ढकलायला चारच सेकंद. हाताने फेकायचा प्रकारच नाही.

भिंगरीकडे पहिला चेंडू आला. तिने सवयीने पाय किंचित उचलला, चेंडू उसळेल म्हणून. चेंडू उसळला नाही. बुटाखालून सळकन निघून गेला. दुसरा आला, तो तिने अडवला आणि पुढे ढकलून सुटली. तीन ढांगांत भिंत आली. तिसऱ्या वेळी मागे कुणीतरी चिकटलेलं होतं. तिने वळायच्या आत चेंडू गेलेलाही होता. चौथ्यांदा तिने आपलं हुकमी अस्त्र काढलं आणि लांबून ठोकला. जड चेंडू वर उठलाच नाही. समोरच्या मुलीच्या पिंढरीवर आदळला आणि ती मुलगी कळवळली.

मास्तर बाकाच्या टोकाशी सरकले. ही आपली मुलगी? हिलाच आपण वाऱ्याशी शर्यत लावताना पाहिलं?

आणि तेवढ्यात बाकाजवळून ताईंचा आवाज आला. "गट बदल!"

खेळ थांबला नाही. शिट्टी झाली नाही. कुणी हात वर केला नाही, पंचाने पाटी दाखवली नाही. बाकावरच्या चार मुली अंगातली पिवळी जाकिटं काढून रेषेशी उभ्या राहिल्या, आणि एक मुलगी भिंगरीला ओरडून म्हणाली, "ये बाहेर! लवकर, लवकर!" भिंगरी बावरून बाहेर आली. त्या मुलीने जाकीट तिच्या हातात कोंबलं आणि आत उडी घेतली.

मास्तर उभेच राहिले. त्यांच्या कानात काहीतरी शिट्टीसारखं वाजायला लागलं.

तरुणपणी तेही असेच एका निवडीला उतरले होते. सामना जेमतेम सुरू झाला होता, त्यांचा एक पाय चुकला आणि त्यांना बाहेर बोलावलं गेलं. अकरा जणांच्या खेळात एकदा बाहेर बसवला तो त्या दिवसापुरता मेला. ते संध्याकाळपर्यंत रेषेबाहेर बसून गवताची पाती तोडत राहिले. नंतर त्यांना कुणी कधी बोलावलं नाही. त्या जागेवर आत गेलेला पोरगा पुढे मोठ्या मोठ्या मैदानांवर खेळला. मास्तर शाळेत कवायत शिकवायला लागले.

त्यांनी लेकीचं दप्तर उचललं.

"चल."

"बाबा..."

"काही बोलू नकोस. जाकीट काढ. चल."

भिंगरीचे डोळे भरलेलेच होते. तिने चष्मेवालीकडे पाहिलं, पण चष्मेवाली पाण्याच्या बाटलीला तोंड लावून बसली होती. बापाच्या मागे मुलगी मान खाली घालून चालू लागली. दार ढकलताना मास्तरांच्या जिवाचा संताप झाला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून ते चेंडूवर घसरले. "हा काय चेंडू आहे? दगड आहे, दगड! उसळत नाही, उडत नाही. हे काय फुटबॉल झालं? जिन्याखालचा खेळ!"

बाहेर ऊन होतं. छापखान्यातलं यंत्र धडधडत होतं. भिंगरी रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. तिने फक्त एवढंच विचारलं, "मी इतकी वाईट खेळले?"

मास्तरांनी दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ते चालत राहिले. कोपऱ्यावर पोचले, तेव्हा मागून सपाट बुटांचा फटफट आवाज आला.

"अगं ए! थांब! ए लाल तोंडाची!"

मघाची गोलकीपर, तिची खेळायची पाळी अजून आली नव्हती. एका हातात पंजा, दुसरा पंजा दातांत धरलेला. तिने तो काढला. "कुठे निघालीस तू? तुझा गट आत गेलाय!"

"मला काढलं ना," भिंगरी म्हणाली.

"काढलं? कुणी काढलं? दम खायला बोलावलं होतं! सगळेच जातात, सगळेच येतात. पाहिजे तितक्या वेळा. अगं, या खेळात कुणी सलग पळूच शकत नाही, फुप्फुसं तोंडातून बाहेर येतील. तुला ताईंनी सांगितलं नाही का सुरुवातीला?"

भिंगरीने बापाकडे पाहिलं. सुरुवातीला ती दोघं कुठे होती, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"ताई दुसरी कुणी घालतील ना आत?" मास्तरांनी विचारलं.

"कशी घालतील? ज्याचा त्याचा गट ठरलाय. चौघींच्या जागी तिघीच खेळतायत त्या. आणि त्यांचीही निवड आजच आहे, काका! मी इकडे धावले तोवर एक गोल खाल्ला होता."

मास्तर हॉलकडे वळले. आपण फक्त आपल्याच लेकीचं नुकसान केलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण तीन परक्या पोरी, त्यांच्या घरी त्यांच्याही आया देवाला हात जोडून बसल्या असतील, त्यांच्या ताटातलं आपण ओढून घेतलं? कसलीही चौकशी न करता? जीभ काय झडली होती विचारायला?

"पळ," ते म्हणाले. मग ओरडले, "पळ ना, पोरी!"

भिंगरी सुटली. रस्त्यावर तरी तिच्यासमोर भिंत नव्हती.

मास्तर मागून पोचले तेव्हा ती दारातूनच थेट आत घुसणार होती. गोलकीपरने तिला सदऱ्याला धरून ओढली. "तिथून नाही! आपल्या बाकासमोरच्या पट्ट्यातूनच. नाहीतर पिवळं कार्ड खाशील." भिंगरी बाकाला वळसा घालून पट्ट्यात उभी राहिली. ताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही, नुसती बोटानेच खूण केली. जा.

मास्तर बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून ते पाहत राहिले, आणि त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांचा आ वासलेलाच राहिला. तिघी पोरी चौघींविरुद्ध उभ्या होत्या आणि रडत नव्हत्या. बुटकी चेंडू तळव्याखाली दाबून धरायची, जशी आपण भाकरीवर हळूच बोटं ठेवतो. समोरची धावून आली की तळव्यानेच मागे ओढायची आणि बाजूला सरकवायची. डावखुरी पास देऊन उभी राहत नव्हती, दिला की निघाली, दिला की निघाली. चष्मेवाली चेंडू यायच्या आधीच मान वळवून मागे कोण आहे ते बघून घ्यायची. ज्या जागेत मास्तरांना खाट टाकता आली नसती, त्या जागेत या पोरी संसार करत होत्या.

भिंगरी आत गेली तशी डावखुरी तिच्यावर डाफरली. "आलीस? जेवून आलीस ना?"

"माफ कर."

"नंतर करते. आधी डावीकडे जा!"

पहिले दोन पास तिने पुन्हा घालवले. बाकावरून मुली टाळ्या देत काहीतरी म्हणत होत्या, ते मास्तरांना आता ऐकू आलं:

ये गं बाहेर, पाणी पी गं,
श्वास घेऊन आत जा गं,
तुझी जागा माझी गं,
माझी जागा तुझी गं.

तिसऱ्या वेळी चेंडू रेषेबाहेर गेला. बुटकीने तो लगेच ठेवला आणि भिंगरीकडे ढकलला. तिच्या पाठीवर एक दांडगी मुलगी होती. मास्तर मनातल्या मनात ओरडले, ठोक! भिंगरीने ठोकला नाही. तिने तळवा चेंडूवर टेकवला. नुसता टेकवला. चेंडू जड होता, म्हणून गप्प बसला. थोरला असता तर निसटला असता. दांडगी डावीकडून पाय घालायला गेली आणि भिंगरी उजवीकडून फिरली. समोर गोल, पण पाय मागे न्यायलाही जागा नव्हती. तिने बुटाच्या टोकाने चेंडूला टोचलं.

बुटाच्या टोकाने! ज्या फटक्यासाठी मास्तरांनी शाळेतल्या पोरांना शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. चेंडू जमिनीला चिकटून, सरपटत, समोरच्या गोलकीपरच्या पायांमधून आत गेला.

मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला शब्द म्हणता येणार नाही. बाकावरच्या दोन मुली दचकून मागे वळल्या.

ताई म्हणाल्या, "गट बदल!"

भिंगरी बाहेर आली. जाकीट घेतलं, अंगात चढवलं, डावखुरीच्या शेजारी धपकन बसली, आणि डावखुरीने तिच्या डोक्यावर रिकामी बाटली हाणली. दोघी हसल्या. मास्तरांची लेक मैदानाबाहेर बसून हसत होती. हे दृश्य त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

सगळं संपल्यावर मास्तर ताईंसमोर जाऊन उभे राहिले. शाळेत पोरं त्यांच्यासमोर उभी राहत तसे, हात मागे बांधून.

"चूक माझी आहे. तिला मी नेलं. ती जात नव्हती." त्यांनी मान खाली घातली. "तिचं काय करायचं ते करा. पण त्या तिघींचं नुकसान करू नका, बाई. तो गोल त्यांचा नाही, माझा आहे."

ताई घाम पुसत होत्या. "त्या तिघींना मी तेव्हाच घेतलं, मास्तर. तिघी असताना त्यांनी चौघींचा खेळ केला. त्याहून मोठी चाचणी मी काय घेणार होते? चिंता तुमच्या मुलीचीच आहे."

मास्तरांनी मागे पाहिलं. भिंगरी मागे येऊन उभी होती, तिघीही.

"तिच्यात पळ आहे, दम आहे, लांबचा फटका आहे," ताई म्हणाल्या. "ते तुम्ही दिलंय, आणि ते या हॉलमध्ये मला देता आलं नसतं. इथे उंच चेंडू नाही, लांब धाव नाही. अकरांच्या मैदानावर तिला ते लागेलच. पण तिथे एका सामन्यात चेंडू तिच्या पायाला किती वेळा लागतो? ती वाट बघत असते. इथे वाट बघायला वेळच नाही. सारखा स्पर्श, सारखा निर्णय. पायाला चेंडूची ओळख इथे होते. तिला मी घेते. पण हा हंगाम संपेपर्यंत मोठा चेंडू शिवायचा नाही."

"पूर्ण हंगाम? तिचा फटका जाईल!"

"नाही जात. आपल्या आईचं घर कुणी विसरतं का?" ताईंनी टॉवेल खांद्यावर टाकला. "आणि दुसरं. सरावाला तुम्ही आत यायचं नाही."

"मी?" मास्तरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मी तिचा बाप आहे. तिला चालायच्या आधी मी चेंडू दिलाय!"

"म्हणूनच. चेंडू आला की ती आधी भिंतीकडे बघते. तुम्ही उभे असता तिथे. डोकं वर हवं ते खेळाकडे, बापाकडे नाही. चालेल का, तिलाच विचारा."

मास्तर वळले. त्यांना खात्री होती की पोरगी रडेल, हट्ट करेल, म्हणेल, बाबा नाही तर मीही नाही.

"चालेल," भिंगरी म्हणाली.

इतकं पटकन! एक श्वासही मध्ये घेतला नाही. म्हणून झाल्यावर तिलाच दचकायला झालं, तिने बापाचा हात धरला आणि सोडला. "म्हणजे... बाबा, तू घरी सांगशील ना? आम्हाला ताई अजून थोडं खेळू देणार आहेत. मी या तिघींबरोबर येईन."

"हो," मास्तर म्हणाले. "हो, हो."

ते बाहेर आले. छापखान्यातलं यंत्र बंद झालं होतं, कामगार डबे उघडून बसले होते. त्यांनी फोन लावला. पलीकडून बायकोचा आवाज पहिल्याच घंटीला आला, म्हणजे ती फोन हातात घेऊनच बसली होती.

"काय झालं? अहो, बोला ना! घेतलं का?"

"घेतलं."

"खरं? मग आवाज असा का येतोय तुमचा? रडताय का?"

"तिला घेतलं," मास्तर म्हणाले, "आणि मला बाहेर काढलं."

पलीकडे बायको हसायला लागली. आधी दबून, मग अशी मोकळी की मास्तरांनी फोन कानापासून दूर धरला. लोखंडाच्या दुकानदाराने मान वर करून पाहिलं.

"किती वर्षं झाली," ती म्हणाली, "तुम्ही दोघं पहाटे निघून जाता आणि मी एकटी चहा पिते. या आता घरी. आधण ठेवते."